सहा काड्यांचं कोडं: डायबोरेनचा जमाखर्च

रेणूंची मॉडेलं बनवायची जी प्लॅस्टिकची पेटी मिळते, तिच्यात हायड्रोजनच्या पांढऱ्या गोळीला एकच भोक असतं. ऑक्सिजनच्या लाल गोळीला दोन, कार्बनच्या काळ्या गोळीला चार. मी पदवीच्या पहिल्या वर्षाला असेंद्रिय रसायन शिकवतो आणि डायबोरेनच्या तासाला दरवर्षी ती पेटी घेऊन जातो. टेबलावर दोन बोरॉन आणि सहा हायड्रोजन ठेवतो आणि एवढंच म्हणतो, "जोडा."

सगळ्यांचे हात ईथेनकडे वळतात. मध्ये बोरॉन-बोरॉन अशी एक काडी, दोन्ही टोकांना तीन-तीन हायड्रोजन. एकूण सात काड्या. मॉडेल सुबक दिसतं. मग मी विचारतो, एक काडी म्हणजे काय? दोन इलेक्ट्रॉन. बोरॉनच्या संयुजा कवचात तीन इलेक्ट्रॉन, म्हणून दोन बोरॉनचे सहा. सहा हायड्रोजनचे सहा. एकूण बारा. बारा इलेक्ट्रॉनांत किती काड्या येतात? सहा. मी मधली काडी काढून घेतो आणि हातात दोन सुटे BH₃ राहतात.

यंदा एक मुलगी म्हणाली, "सर, मग ते दोन वेगळेच राहू देत ना. BH₃ हेच बरोबर असेल."

तिचं बोलणं तर्काला धरून होतं. मोडला तर तो प्रयोगानेच मोडतो. ० अंश सेल्सिअस तापमान आणि एक वातावरण दाब असताना डायबोरेन या वायूचा एक लिटर तोलला, तर सुमारे १.२३ ग्रॅम भरतो. या स्थितीत एका मोलचं आकारमान साधारण २२.४ लिटर असतं, म्हणजे मोलचं वस्तुमान २७.६ च्या आसपास. BH₃ असता तर ते १३.८ निघालं असतं. तेव्हा रेणू दुहेरी आहे यात शंका नाही. सहा काड्यांत आठ गोळ्या एकसंध कशा राहतात, हेच आपलं प्रकरण.

हा वायू आधी हाताळायलाच अवघड होता. ओलसर हवेत तो आपोआप पेटू शकतो, पाण्याशी लगेच विक्रिया होऊन बोरिक आम्ल आणि हायड्रोजन तयार होतो, आणि उत्कलनांक उणे ९२.५ अंश सेल्सिअस. जर्मन रसायनज्ञ आल्फ्रेड श्टोक यांनी १९१२ पासून बोरॉनच्या हायड्राइडांवर काम सुरू केलं, तेव्हा त्यासाठी त्यांना पाऱ्याचे व्हॉल्व आणि पंप असलेली, हवेचा स्पर्शही होऊ न देणारी काचेची निर्वात यंत्रणा उभारावी लागली. त्याच पाऱ्याच्या वाफेने पुढे त्यांना विषबाधा झाली आणि १९२६ मध्ये त्यांनी त्या धोक्याबद्दल जाहीर इशाराही दिला. सूत्र मात्र पक्कं झालं: B₂H₆. सूत्र हातात आलं, पण त्याचं चित्र काढायला आणखी तीसेक वर्षं लागली.

या तीस वर्षांत बहुतेकांचा कल ईथेनकडेच होता, आणि त्यात नवल काही नाही. सूत्र C₂H₆ सारखं, वायूही तसाच हलका. राहता राहिला न जुळणारा हिशोब. त्यासाठी काही बंधांत एकच इलेक्ट्रॉन आहे आणि तो रेणूभर फिरत राहतो, अशी अनुस्पंदनाची मांडणी करण्यात आली. १९३७ मध्ये इलेक्ट्रॉन विवर्तनाचे प्रयोग झाले आणि त्यांचाही अर्थ ईथेनसारखी रचना असाच लावला गेला. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. विवर्तनात हायड्रोजनची छाप अगदी फिकी पडते. जड अणू स्पष्ट दिसतात, हायड्रोजन नेमके कुठे बसलेत ते बऱ्याच अंशी गृहीत धरलेल्या मॉडेलशी वक्ररेषा जुळवून ठरवावं लागतं. ईथेनचं मॉडेल घेऊन बसलं की ईथेन बऱ्यापैकी जुळतोही.

सेतूची कल्पनाही तेव्हापासूनच होती. १९२१ मध्ये डिल्थाय यांनी दोन हायड्रोजन दोन्ही बोरॉनच्या मधोमध दाखवणारी रचना सुचवली होती. पण "हायड्रोजनला दोन बंध" हे तेव्हाच्या रसायनज्ञाच्या गळी उतरणं कठीण होतं. पेटीतल्या पांढऱ्या गोळीला एकच भोक.

या वादात मला सर्वांत आवडणारा पुरावा भौतिकशास्त्राचा नाही, साध्या परीक्षानळीतल्या रसायनाचा आहे. १९३५ च्या सुमारास डायबोरेनमधल्या हायड्रोजनांच्या जागी एकेक करून मेथिल गट बसवून पाहिले गेले. एक बसतो, दोन, तीन, चारही बसतात. पाचवा बसत नाही. आणखी रेटलं तर रेणू फुटतो आणि ट्रायमेथिल बोरेन, B(CH₃)₃, बाहेर पडतं. ईथेनच्या रचनेत सहाही हायड्रोजन एकाच जातीचे असतात, मग चारवरच थांबायचं कारण काय? चार मेथिलांचं संयुग पाण्याने फोडलं, तर प्रत्येक बोरॉनवर दोन-दोन मेथिल सापडतात. याचा सरळ अर्थ असा की सहापैकी चार हायड्रोजन एका जातीचे, दोन-दोन करून एकेका बोरॉनवर बसलेले, आणि उरलेले दोन वेगळ्याच जातीचे. त्या दोघांना हात लावला की दोन तुकड्यांना बांधून ठेवणारी वस्तूच नाहीशी होते.

दुसरा पुरावा उष्णतेचा. ईथेनची दोन टोकं एकमेकांसापेक्ष जवळजवळ मोकळी फिरतात, अडथळा फक्त १२ किलोज्यूल प्रति मोलच्या आसपास. डायबोरेनची विशिष्ट उष्णता मोजली तेव्हा इथला अडथळा त्याहून बराच मोठा निघाला. दोन टोकं फिरत नाहीत, म्हणजे मध्ये एकच काडी नाही. हे वर्तन ईथेनपेक्षा ईथीनच्या जवळ जातं. ईथीनमध्येही संयुजा इलेक्ट्रॉन बाराच असतात, हा योगायोग नाही. ईथीनचा दुहेरी बंध घ्या, त्यातल्या पाय बंधाच्या वरच्या आणि खालच्या इलेक्ट्रॉन ढगात एकेक प्रोटॉन खोचा, कार्बनच्या जागी बोरॉन मांडा: डायबोरेनची अशी कल्पना खरोखरच १९४५ मध्ये मांडली गेली.

१९४३ मध्ये ऑक्सफर्डमधला पदवीचा विद्यार्थी ह्यू क्रिस्टोफर लाँग्वेट-हिगिन्स आणि त्याचे शिक्षक आर. पी. बेल यांनी सेतूची रचना नव्याने मांडली आणि उपलब्ध अवरक्त वर्णपट तिच्याशी जुळतात हे दाखवलं. १९४७ मध्ये अधिक बारकाईने घेतलेल्या अवरक्त वर्णपटाने तिला दुजोरा दिला, आणि १९५१ मध्ये हेडबर्ग व शोमाकर यांनी विवर्तनाचे प्रयोग पुन्हा करून अंतरं पक्की केली. चौदा वर्षांपूर्वी ज्या पद्धतीने ईथेन दाखवला होता, त्याच पद्धतीने आता सेतू दाखवला.

तर रेणू दिसतो कसा? दोन बोरॉन आणि बाजूचे चार हायड्रोजन एका सपाट पातळीत. उरलेले दोन हायड्रोजन दोन बोरॉनच्या मधोमध, एक पातळीच्या वर, एक खाली. बाजूच्या हायड्रोजनचं बोरॉनपासूनचं अंतर १.१९ अँगस्ट्रॉम, सेतूतल्या हायड्रोजनचं १.३३, आणि दोन बोरॉनमधलं अंतर १.७७.

हे तीन आकडे मिळाले की कोन वहीतच काढता येतात. दोन बोरॉन आणि दोन सेतू हायड्रोजन मिळून एक समभुज चौकोन होतो, बाजू १.३३ आणि एक कर्ण १.७७. अर्धा कर्ण ०.८८५. त्याला १.३३ ने भागलं की ०.६६५, आणि ज्या कोनाची कोसाइन एवढी तो सुमारे ४८.३ अंश. त्याची दुप्पट, म्हणजे बोरॉनपाशी दोन सेतू हायड्रोजनांमधला कोन सुमारे ९७ अंश. हायड्रोजनपाशी उरतात ८३ अंश. आता ८३ अंशांत वाकलेला हायड्रोजन म्हणजे दोन सरळ काड्यांचा सांधा असणं शक्य नाही. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन ज्या s कक्षकात, म्हणजे अणूभोवतीच्या ज्या जागेत, वावरतो तो गोल असतो, तो कुठल्या दिशेला तोंड करून बसत नाही. दोन्ही बोरॉनचे कक्षक त्याच्यावर दोन बाजूंनी टेकतात आणि तिघांचा मिळून एकच वाकडा ढग होतो. मुलं त्याला बनाना बाँड म्हणतात, ते चालेल.

आता हिशोब. इथे बहुतेक नोट्समध्ये "त्रिकेंद्री द्वि-इलेक्ट्रॉन बंध" असं नाव लिहून पुढे जातात. नावाने काही उलगडत नाही. मी वर्गात जमाखर्चाची वही मांडतो. एका रकान्यात कक्षक, दुसऱ्यात इलेक्ट्रॉन.

साध्या बंधात दोन कक्षक खर्च होतात आणि दोन इलेक्ट्रॉन. एकाकी जोडीत एक कक्षक आणि दोन इलेक्ट्रॉन. त्रिकेंद्री बंधात तीन कक्षक आणि दोनच इलेक्ट्रॉन. म्हणजे कक्षकांतून इलेक्ट्रॉन वजा केले, तर साध्या बंधाने बाकीत काहीच फरक पडत नाही, प्रत्येक एकाकी जोडी बाकी एकाने उणे करते आणि प्रत्येक त्रिकेंद्री बंध ती एकाने वाढवतो.

दुसऱ्या ओळीतल्या हायड्राइडांना हे लावून पाहू. मिथेनमध्ये कार्बनचे चार कक्षक, हायड्रोजनचे चार, एकूण आठ. इलेक्ट्रॉनही आठ. बाकी शून्य, चार साधे बंध, विषय संपला. अमोनियात चार अधिक तीन म्हणजे सात कक्षक आणि आठ इलेक्ट्रॉन. बाकी उणे एक, एक एकाकी जोडी. पाण्यात सहा कक्षक, आठ इलेक्ट्रॉन, दोन एकाकी जोड्या. हायड्रोजन फ्लुओराइडमध्ये पाच आणि आठ, तीन जोड्या. कार्बनच्या उजवीकडे गेलं की इलेक्ट्रॉन कक्षकांना पुरून उरतात. उरलेले जोडीने बसून राहतात.

कार्बनच्या डावीकडे उलटं होतं. बोरॉनकडे एक s आणि तीन p असे चारच कक्षक, पण इलेक्ट्रॉन तीन. घरात चार खुर्च्या आणि माणसं तीन. BH₃ मध्ये सात कक्षक, सहा इलेक्ट्रॉन, बाकी अधिक एक. ही बाकी दोन प्रकारे मिटू शकते: एक कक्षक रिकामा ठेवायचा, किंवा त्याला कुठल्या तरी त्रिकेंद्री बंधात गुंतवायचं. एकट्या BH₃ ला पहिलाच मार्ग मोकळा आहे, म्हणून तो सपाट राहतो आणि त्याचा एक p कक्षक रिकामा पडतो. दोन BH₃ एकमेकांजवळ आले की मात्र प्रत्येकाचा एक B–H बंध दुसऱ्याच्या रिकाम्या कक्षकाकडे झुकतो, आणि दोन्ही बाजूंनी एकदमच असं होतं. डायबोरेनसाठी चौदा कक्षक, बारा इलेक्ट्रॉन, बाकी अधिक दोन. दोन सेतू. खर्च ताडून पाहा: चार साधे बंध म्हणजे आठ कक्षक आणि आठ इलेक्ट्रॉन, दोन त्रिकेंद्री बंध म्हणजे सहा कक्षक आणि चार इलेक्ट्रॉन. चौदा आणि बारा. दोन्ही रकाने एका पैचीही चूक न होता जुळतात. ईथेनसाठी चौदा आणि चौदा, बाकी शून्य, म्हणून तिथे सेतूची गरजच पडत नाही.

तीन कक्षकांत दोनच इलेक्ट्रॉन पुरतात कसे, हा पुढचा प्रश्न. दोन बोरॉनचे दोन कक्षक आणि हायड्रोजनचा एक, यांच्यातून तीन रेण्वीय कक्षक तयार होतात. सर्वांत खालचा तिघांनाही एकत्र बांधतो. मधल्यात हायड्रोजनचा सहभागच नसतो, तो बांधतही नाही आणि तोडतही नाही. सर्वांत वरचा तोडणारा. दोन इलेक्ट्रॉन खालच्यात बसले की बांधायचं काम पूर्ण झालं. आणखी दोन घातले असते तर ते मधल्या उदासीन कक्षकात गेले असते, बंध काही बळकट झाला नसता. म्हणून "इलेक्ट्रॉन-न्यून" हे नाव थोडं दिशाभूल करणारं आहे. सेतूला कसलीही कमतरता जाणवत नाही. कमी पडतात ते आपल्या काड्या.

हा सौदा फायद्याचा आहे का? दोन BH₃ एकत्र येताना सुमारे १५० ते १७० किलोज्यूल प्रति मोल एवढी ऊर्जा बाहेर पडते. सेतू दोन आहेत, म्हणजे प्रत्येक सेतू एका साध्या B–H बंधापेक्षा साधारण ७५ ते ८५ किलोज्यूलने सरस. सेतूची एकेक बाजू सुटी पाहिली तर साध्या बंधापेक्षा लांब आणि कमजोर, पण दोन्ही बाजू मिळून एका बंधाहून जास्त. नेहमीच्या तापमानाला सुटा BH₃ बाटलीत भरून ठेवता येत नाही तो यामुळेच.

मग BF₃ का जोडीने राहत नाही? त्यालाही तोच रिकामा p कक्षक. पण फ्लुओरीनकडे एकाकी जोड्यांची रेलचेल आहे, त्यातली थोडी घनता बोरॉनच्या रिकाम्या कक्षकात आपल्याच घरातून उसनी मिळते. हायड्रोजनकडे असं उसनं द्यायला काहीच नाही. ॲल्युमिनियम क्लोराइडची वाफ Al₂Cl₆ अशी सेतू बांधून असते आणि डायबोरेनसारखीच दिसते. परीक्षेत बरीच मुलं तिथेही त्रिकेंद्री बंध लिहितात. ते चूक. तिथे सेतूतला क्लोरीन आपली एकाकी जोडी देतो, चारही सेतूबंध पुरेपूर दोन-दोन इलेक्ट्रॉनांचे असतात. चित्र सारखं म्हणून बंध सारखा असं होत नाही.

उत्तरपत्रिकांत दिसणारी दुसरी चूक अधिक साधी आहे. सेतूंसाठी चार पूर्ण रेघा, बाजूला चार, मिळून आठ रेघा, आणि वर "१२ इलेक्ट्रॉन" असं लिहिलेलं. आठ रेघा म्हणजे सोळा. कुणी दोन बोरॉनमध्येही रेघ ओढतं, कारण १.७७ हे अंतर बंध असावा इतकं कमी वाटतं. B₂F₄ मध्ये खरा साधा B–B बंध आहे, तो १.७२. अंतर जवळपास सारखं असलं तरी डायबोरेनचे बाराही इलेक्ट्रॉन आधीच वाटून झालेत, त्या रेघेसाठी काही शिल्लक नाही. दोन बोरॉन जवळ आहेत ते सेतूंनी ओढून धरलेत म्हणून.

समोर नमुना असेल तर दोन जातींचे हायड्रोजन दिसतात कसे? अवरक्त वर्णपटात बाजूच्या B–H चे पट्टे २५०० ते २६०० प्रति सेंमीच्या दरम्यान येतात, आणि १६०० च्या आसपास एक ठळक पट्टा एकटा उभा असतो. तो सेतूचा. साध्या B–H ला इतक्या खाली यायचं काही कारण नाही. प्रोटॉन एनएमआर तर जवळजवळ मोजूनच दाखवतो. निसर्गातला ८० टक्के बोरॉन म्हणजे बोरॉन-११, त्याचं स्पिन ३/२. शेजारी असा एक बोरॉन असेल तर हायड्रोजनच्या खुणेचे चार भाग होतात, दोन सारखे बोरॉन असतील तर सात. डायबोरेनच्या वर्णपटात चौघांची चार भागांची खूण आणि दोघांची सात भागांची, रुंद आणि बुटकी. "या हायड्रोजनला शेजारी दोन" हे ते सात भाग थेट सांगतात.

वहीची ही युक्ती कुठवर चालते? टेट्राबोरेनला, B₄H₁₀ ला, लावा: कक्षक सव्वीस, इलेक्ट्रॉन बावीस, बाकी चार, आणि रेणूत सेतू हायड्रोजनही चारच. बेरिलियम हायड्राइडला लावा: सहा आणि चार, बाकी दोन. त्याच्या घन बहुलकात प्रत्येक हायड्रोजन सेतूच असतो, एका बेरिलियममागे दोन. पण खाली ॲल्युमिनियमकडे उतरलं की वही फसते. AlH₃ ची बाकी बोरॉनसारखीच एक येते, तरी घन रूपात प्रत्येक ॲल्युमिनियमभोवती सहा सेतू हायड्रोजन असतात. अणू मोठा, भोवती जागा भरपूर, बंधांत आयनिकपणा शिरलेला. चार कक्षकांची मर्यादा तिथे पाळली जात नाही. लिथियम हायड्राइडमध्ये तर वही उघडायचीच नाही, ते Li⁺ आणि H⁻ चं स्फटिक आहे.

इलेक्ट्रॉन देणारं कुणी भेटलं की डायबोरेनला सेतू सोडायला वेळ लागत नाही. ट्रायमेथिल अमीन घातलं तर रेणू मधून बरोबर दुभागतो आणि दोन्ही अर्धुकं H₃B·N(CH₃)₃ होतात. अमोनिया कमी तापमानाला घातला तर वेगळंच घडतं: दोन्ही अमोनिया एकाच बोरॉनवर येतात, दोन्ही सेतू हायड्रोजन दुसऱ्या बोरॉनकडे जातात, आणि तयार होतो क्षार, [H₂B(NH₃)₂]⁺[BH₄]⁻. त्या मुलीला मी हे दोन आयन फळ्यावर लिहून दिले आणि वहीत घालायला सांगितले. BH₄⁻ चे आठ आणि आठ आले. धन आयनाचे कक्षक वीस आले आणि इलेक्ट्रॉन एकवीस. ती बराच वेळ बेरीज पुन्हा पुन्हा करत राहिली, मग तिने डोक्यावरचं अधिक चिन्ह पाहिलं आणि एक वजा केला.